फीवाढ आणि नेमणुकांचे इतिवृत्त: विनाअनुदानित शाळेच्या समितीला वारंवार पडणारे प्रश्न

ही प्रश्नोत्तरे महाराष्ट्रातल्या राज्य मंडळाच्या खाजगी विनाअनुदानित शाळेसाठी आहेत. एकाच सभेत फी बदलण्याचा आणि शिक्षक नेमण्याचा विषय आला, तर इतिवृत्तात काय लिहायचे, कोणत्या शब्दांत लिहायचे आणि ते पुढे कुठे अडते, एवढाच इथला विषय. अनुदानित शाळेचा उल्लेख गरज पडली तिथेच केला आहे.

आमच्याकडे तीन समित्या आहेत. यातली "शाळा व्यवस्थापन समिती" नक्की कोणती?

बोलताना सगळे तिन्हींना तेच म्हणतात आणि घोळ तिथूनच सुरू होतो. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ मधली, तीन चतुर्थांश पालक असलेली शाळा व्यवस्थापन समिती सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या आणि अनुदानित शाळांसाठी आहे. विनाअनुदानित शाळेला ते कलम लागू नाही.

तुमच्या शाळेत ठराव करणारी समिती म्हणजे "शाळा समिती". ती महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) नियमावली, १९८१ मधून येते. तिच्यात सहा जण असतात: संस्थेचे चार प्रतिनिधी, सेवाज्येष्ठतेच्या क्रमाने आळीपाळीने येणारा एक कायम शिक्षक आणि पदसिद्ध सचिव म्हणून मुख्याध्यापक. इतिवृत्त लिहायचे काम त्यामुळे मुख्याध्यापकांकडेच येते.

तिसरी म्हणजे पालक-शिक्षक संघाची कार्यकारी समिती. ती महाराष्ट्र शैक्षणिक संस्था (शुल्क विनियमन) अधिनियम, २०११ मधून येते. तिचे अध्यक्ष मुख्याध्यापक, उपाध्यक्ष पालकांमधून, सचिव शिक्षकांमधून, आणि प्रत्येक इयत्तेतून एक पालक व एक शिक्षक. पालक सदस्य चिठ्ठ्या टाकून निवडायचे असतात.

नेमणुका शाळा समितीच्या वहीत जातात, फीची मंजुरी कार्यकारी समितीच्या. वह्या दोन ठेवा. एकाच नोंदवहीत दोन्ही समित्यांच्या सभा लिहिल्या, की सह्या कोणी कोणत्या नात्याने केल्या हे दोन वर्षांनी कोणालाच सांगता येत नाही. मुख्याध्यापक तर दोन्हीकडे आहेत.

शाळा समितीने "फीवाढ मंजूर" असा ठराव केला आहे. तो चालेल का?

नाही. फी ठरवून मांडण्याचा अधिकार व्यवस्थापनाचा, ती मान्य करण्याचा अधिकार कार्यकारी समितीचा. शाळा समितीच्या किंवा संस्थेच्या कार्यकारी मंडळाच्या वहीत "मंजूर" हा शब्द आला, की तक्रार करणाऱ्या पालकाच्या हातात आयता पुरावा जातो: मंजुरी आधीच झाली होती आणि पालकांची सभा नावापुरती घेतली.

व्यवस्थापनाच्या वहीतला ठराव असा असावा:

"ठराव क्र. ४. सन २०२७-२८ व २०२८-२९ या दोन शैक्षणिक वर्षांसाठी इयत्ता १ली ते ४थीची वार्षिक फी रु. २४,००० वरून रु. २७,००० करण्याचा प्रस्ताव, सोबतच्या परिशिष्ट १ मधील जमाखर्चाच्या तपशिलासह, पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे मान्यतेसाठी ठेवण्यात यावा. प्रस्ताव सादर करण्याचे अधिकार मुख्याध्यापकांना देण्यात येत आहेत. सूचक: … अनुमोदक: … ठराव सर्वानुमते संमत."

इथे संमत झाला तो प्रस्ताव पाठवण्याचा ठराव, फी नव्हे. ठरावात वर्ष, इयत्ता, जुना आकडा आणि नवा आकडा हे चारही हवेत. "फीमध्ये योग्य ती वाढ करण्यात यावी" असे ठराव अजूनही दिसतात. असा ठराव नसल्यातच जमा, कारण किती वाढ हे नंतर कोणी ठरवले, याचे उत्तर वहीत सापडत नाही.

प्रस्ताव कधी द्यायचा?

पुढचे शैक्षणिक वर्ष सुरू होण्याच्या किमान सहा महिने आधी. शाळा १५ जूनला उघडत असेल तर १५ डिसेंबर ही शेवटची तारीख समजा आणि व्यवस्थापनाची सभा नोव्हेंबरातच घ्या. प्रस्ताव मिळाल्यापासून ३० दिवसांत कार्यकारी समितीने निर्णय लेखी द्यायचा असतो. हे ३० दिवस मोजले जातात ते प्रस्ताव हाती पडल्याच्या तारखेपासून, म्हणून जावक क्रमांकासोबत समितीच्या सचिवांची तारखेसह पोच घ्या. पोच नसेल तर मुदत कधी संपली यावरच वाद होतो. तीस दिवसांत निर्णय आला नाही, तर व्यवस्थापनाने प्रकरण विभागीय शुल्क नियामक समितीकडे न्यायचे असते. "कोणी हरकत घेतली नाही, म्हणजे मान्य" असे गृहीत धरून फी लावता येत नाही.

निकालाच्या दिवशी पालकांना फीवाढीचे पत्रक देणाऱ्या शाळांचे गणित इथेच चुकते. आकडा वाजवी असला तरी तारीख निघून गेलेली असते.

नेमणुका मे-जूनमध्ये होतात. मग फीच्या प्रस्तावात त्यांचा खर्च कसा धरायचा?

पदाची गरज आणि माणसाची नेमणूक हे दोन वेगळे ठराव करून. नोव्हेंबरच्या सभेत शाळा समिती ठरवते की पुढच्या वर्षी दोन शिक्षक लागणार, कोणत्या विषयाचे आणि का: तुकडी वाढली, कोणी निवृत्त होणार, वर्गातली संख्या वाढली. त्याचा वर्षाचा खर्च त्याच ठरावात लिहायचा. फीच्या प्रस्तावाचा ठराव त्याच्या नंतरच्या क्रमांकाचा असावा आणि त्यात आधीच्या ठरावाचा क्रमांक यावा. जाहिरात, मुलाखती आणि प्रत्यक्ष नेमणुकीचा ठराव पुढे मे महिन्यात.

हा क्रम उलटला, म्हणजे फी डिसेंबरात मान्य करून घेतली आणि पदांचा विषय पहिल्यांदा मेमध्ये आला, तर फीच्या तपशिलातला "नवीन शिक्षकांचा पगार" कशाच्या आधारे लिहिला, याला वहीत आधार राहत नाही.

जमाखर्चाचा तपशील म्हणजे किती? एखादे उदाहरण द्याल का?

समजा शाळेत ४८० मुले आहेत. त्यांपैकी ९० मुले शिक्षण हक्क कायद्याच्या २५ टक्के आरक्षणातली. म्हणजे फी भरणारी ३९०. सध्याची फी २४,००० रुपये.

पुढच्या वर्षाचा एकूण अपेक्षित खर्च १,१२,५०,००० रुपये, यात पगार, देखभाल, वीज, परीक्षा, कार्यालय आणि शाळेच्या वाढीसाठीची वाजवी शिल्लक आली. आरक्षणातल्या मुलांपोटी शासनाकडून ७,२०,००० रुपये प्रतिपूर्ती येईल असे धरले. ती वजा जाता फीतून उभे करायचे १,०५,३०,००० रुपये. त्याला ३९० ने भागले की २७,००० रुपये.

सगळ्यात जास्त वेळा चुकते ते भागाकारात. कारकुनाने पटावरची संख्या घेऊन ४८० ने भागले तर उत्तर २१,९३७ येते, सध्याच्या फीपेक्षाही कमी. मग आकडा जुळवायला खर्चाच्या बाजूला "इतर" नावाची मोठी रक्कम घुसडली जाते आणि पालकांचे पहिले बोट नेमके तिच्यावर पडते.

आता याच तपशिलात नेमणुका कुठे आहेत ते पाहा. दोन नव्या शिक्षकांचा खर्च प्रत्येकी महिना ४५,००० प्रमाणे वर्षाला १०,८०,००० रुपये. ३९० मुलांवर वाटला तर प्रत्येकी २,७६९ रुपये. म्हणजे ३,००० रुपयांच्या वाढीतले फक्त २३१ रुपये इतर खर्चवाढीचे, बाकी सगळे दोन शिक्षकांचे. हे एक वाक्य इतिवृत्तात आले, तर पालकांच्या सभेतला निम्मा वेळ वाचतो, कारण प्रश्न "फी का वाढली" यावरून "दोन शिक्षक हवेत की नकोत" यावर येतो.

आणखी एक गोष्ट. मान्य झालेली फी दोन शैक्षणिक वर्षे बांधून ठेवते. पगार मात्र दुसऱ्या वर्षी वार्षिक वेतनवाढीने वाढणारच. म्हणून तपशील दोन वर्षांचा मांडून सरासरी काढणे बरे. पहिल्याच वर्षाचा हिशेब धरून फी ठरवली, की दुसऱ्या वर्षी तूट येते आणि मग "संगणक शुल्क", "उपक्रम निधी" अशा नावांनी ती भरून काढायचा मोह होतो. फीच्या व्याख्येत परीक्षा, ग्रंथालय, प्रयोगशाळा, जिमखाना, अनामत हे सगळे येते. नाव बदलले म्हणून वेगळी मान्यता टळत नाही.

कार्यकारी समितीने कमी फी मान्य केली, तर इतिवृत्तात काय लिहायचे?

मागितलेला आकडा, मान्य केलेला आकडा, फरक आणि कारण. वरच्याच उदाहरणात समितीने २७,००० ऐवजी २५,५०० रुपये मान्य केले असे धरा:

"व्यवस्थापनाने प्रस्तावित केलेली वार्षिक फी रु. २७,००० वर चर्चा झाली. दोनपैकी एकच पद पहिल्या वर्षी भरावे, असे पालक सदस्यांचे मत पडले. चर्चेअंती वार्षिक फी रु. २५,५०० मान्य करण्यात आली. फरक रु. १,५००, म्हणजे प्रस्तावित फीच्या ५.५६ टक्के. बाजूने १४, विरोधात ३. विरोध करणाऱ्या सदस्यांची नावे व मत पुढे नोंदवले आहे."

हा १,५०० रुपयांचा फरक ३९० मुलांचा म्हणून ५,८५,००० होतो, एका शिक्षकाच्या वर्षाच्या पगारापेक्षा थोडा जास्त. पुढच्या शाळा समितीच्या सभेत म्हणूनच दोन पदांचा जुना ठराव पुन्हा समोर घ्यावा लागतो आणि एक पद पुढे ढकलल्याचा नवा ठराव करावा लागतो. तो विसरला, तर वहीत दोन पदे, पैसे एकाचे, अशी स्थिती वर्षभर राहते.

"१५ टक्क्यांपर्यंत वाढ कायद्याने चालते" असे सांगतात. खरे आहे का?

कायद्यातले १५ टक्के वाढीची मर्यादा म्हणून आलेले नाहीत. व्यवस्थापनाने मांडलेली फी आणि कार्यकारी समितीने मान्य केलेली फी यांच्यातल्या फरकाचे ते माप आहे, विभागीय शुल्क नियामक समितीकडे जाण्याच्या संदर्भातले. जुन्या फीशी त्याची तुलना करायची नसते. आपल्या उदाहरणात वाढ मागितली १२.५ टक्के, मिळाली ६.२५ टक्के, आणि हा फरक मात्र ५.५६ टक्के. तीन आकडे, तीन अर्थ. इतिवृत्तात नुसते "टक्के" लिहू नका, कशाचे ते लिहा. "वाढ १५ टक्क्यांच्या आत असल्याने मान्यतेची गरज नाही" हे वाक्य तर वहीत कधीच नको.

पालकांच्या बाजूनेही दार आहे: कायद्याच्या नंतरच्या दुरुस्तीप्रमाणे किमान २५ टक्के पालक एकत्र येऊन त्या समितीकडे दाद मागू शकतात.

फी मान्य झाल्यावर पुढे काय?

मान्य फी शाळेच्या सूचनाफलकावर मराठीत, इंग्रजीत आणि शाळेच्या माध्यमाच्या भाषेत लावायची. संकेतस्थळ असेल तर तिथेही. फलकाचा तारीख दिसेल असा फोटो काढून फाइलला लावा.

शिक्षकांच्या नेमणुकीचा ठराव कोण करतो?

शिक्षक आणि शिक्षकेतर कर्मचाऱ्यांची नेमणूक शाळा समिती करते. मुख्याध्यापक आणि उपमुख्याध्यापक हे याला अपवाद. त्यांची नेमणूक व्यवस्थापन, म्हणजे संस्थेचे कार्यकारी मंडळ करते. शाळा समितीच्या वहीत मुख्याध्यापकांच्या नेमणुकीचा ठराव झाला आणि संस्थेच्या वहीत काहीच नाही, हे बरेचदा दिसते आणि मान्यतेच्या वेळी तिथेच अडते. त्यातही सचिव म्हणून सही त्याच मुख्याध्यापकांची असेल, तर बघायलाच नको.

तीन महिन्यांपेक्षा जास्त नसलेल्या रजेच्या जागेवर मुख्याध्यापक स्वतः नेमणूक करू शकतात, पण शाळा समितीने तसा अधिकार दिला असेल तरच. तो अधिकार देणारा ठराव वर्षाच्या पहिल्याच सभेत करून ठेवावा. रजेची जागा ऑगस्टमध्ये रिकामी झाली आणि अधिकाराचा ठराव सप्टेंबरात, असे नको.

नेमणुकीच्या ठरावात कोणकोणत्या गोष्टी हव्यात?

पद, ते कायम रिक्त आहे की तात्पुरते, जाहिरातीची तारीख, किती अर्ज आले, किती जण मुलाखतीला आले, गुणानुक्रम, निवडलेल्या उमेदवाराची शैक्षणिक व व्यावसायिक अर्हता, इयत्ता १ली ते ८वीसाठी टीईटी, आरक्षणाच्या बिंदूची नोंद, वेतनश्रेणी आणि नेमणुकीचे स्वरूप.

यातले शेवटचे सगळ्यात महत्त्वाचे. कायम रिक्त जागेवर नेमणूक दोन वर्षांच्या परिवीक्षेवर करायची असते. अनुदानित शाळेतल्या शिक्षण सेवकाला तीन वर्षे. बऱ्याच संस्था मात्र कायम जागा असूनही "१५ जून ते ३० एप्रिल, निव्वळ तात्पुरती" असा ठराव करतात आणि दर जूनमध्ये तोच पुन्हा करतात. सुट्टीचा पगार वाचतो, म्हणून. त्या शिक्षकाला एखाद्या वर्षी घेतले नाही आणि तो शाळा न्यायाधिकरणात गेला, की आपल्याच वहीतले चार वर्षांचे एकसारखे ठराव जागा कायम होती हे दाखवतात. तात्पुरती नेमणूक जागा खरोखर तात्पुरती असेल तेव्हाच, आणि कोणाच्या जागी, कुठपर्यंत, हे ठरावात लिहून.

उलट बाजूही आहे. परिवीक्षेतल्या शिक्षकाचे काम समाधानकारक नसेल, तर एक महिन्याची नोटीस किंवा महिन्याचा पगार देऊन सेवा संपवता येते, पण काम कसे होते याच्या नोंदी आधीपासून हव्यात. परिवीक्षा संपायच्या आठवड्यात पहिल्यांदाच "काम असमाधानकारक" असा ठराव केला, तर तो कोणी खरा मानत नाही. म्हणून सहा महिन्यांनी एकदा हा विषय सभेपुढे येऊ द्या.

ठराव, नेमणूक आदेश आणि रुजू दिनांक यांचा क्रम बिघडला तर?

ठराव आधी, आदेश नंतर, रुजू त्याच्यानंतर. ऐकायला सोपे आहे. पण शाळा सुरू होण्याच्या घाईत १५ जूनला शिक्षक वर्गावर जातो, आदेश टाइप होतो २० तारखेला आणि सभा होते जुलैत. मग कोणीतरी आदेशावर मागची तारीख टाकतो आणि वहीत कोऱ्या सोडलेल्या पानावर सभा लिहितो. हजेरीपटावर १५ जूनच्या सह्या, जावक नोंदवहीत आदेशाचा क्रमांक जूनच्या शेवटच्या आठवड्यातला आणि आदेशावर तारीख १२ जून, हे तीन कागद शेजारी ठेवले की सगळे उघडे पडते.

उशीर झालाच असेल, तर खरे तेच लिहावे: अमुक तारखेपासून काम सुरू केले, त्यास समितीची कार्योत्तर मान्यता देण्यात येत आहे. कार्योत्तर मान्यतेवर प्रश्न विचारले जातील, पण मागची तारीख टाकलेला आदेश एकदा सापडला की फाइलमधल्या बाकीच्या खऱ्या कागदांवरही कोणी विश्वास ठेवत नाही.

आदेश नियमावलीच्या अनुसूची 'ड' मधल्या नमुन्यातच द्यायचा आणि तो मिळाल्याची पोच कर्मचाऱ्याकडून घ्यायची. संस्थेच्या लेटरहेडवरचे "आपली निवड झाली आहे, अभिनंदन" हे पत्र आदेश होत नाही.

उमेदवार एखाद्या सदस्याचा नातेवाईक असेल तर?

त्या सदस्याने विषय सुरू होण्यापूर्वी तसे सांगावे, सभेतून बाहेर जावे आणि हे दोन्ही इतिवृत्तात वेळेसह यावे. तो गेल्यावर गणपूर्ती राहते का, ते आधी मोजा. सहा जणांच्या समितीत एक बाहेर, दोन गैरहजर, म्हणजे उरले तीन. तुमच्या घटनेप्रमाणे गणपूर्ती चारची असेल तर विषय पुढच्या सभेवर ठेवा.

"ऐनवेळच्या विषयात" फी किंवा नेमणूक घेता येईल का?

घेऊ नका. हजर नसलेल्या सदस्याला विषय येणार हे माहीतच नव्हते, एवढ्या एका मुद्द्यावर ठराव लटकतो. ऐनवेळच्या विषयात पाण्याची टाकी धुण्याचे घ्या.

इतिवृत्त टाइप करून चिकटवले तर चालते का? खाडाखोड झाली तर?

चिकटवायचे असेल तर पान क्रमांक छापलेल्या बांधीव वहीत, आणि कागद व वहीचे पान दोन्हींवर अर्धी अर्धी येईल अशी अध्यक्ष व सचिवांची सही आणि शिक्का. सुटी पाने फाइलला लावणे टाळा. चुकलेला शब्द वाचता येईल असा एका रेघेने खोडून शेजारी छोटी सही. पांढरी शाई लावू नका, विशेषतः आकड्यांवर. फी आकड्यात आणि अक्षरात दोन्ही लिहा.

पुढच्या सभेत इतिवृत्त "कायम" करताना फीचा आकडा बदलता येतो का?

नाही. कायम करणे म्हणजे मागच्या सभेत जे झाले ते बरोबर लिहिले आहे, एवढेच मान्य करणे. लिहिण्यात चूक झाली असेल, समजा २५,५०० च्या जागी २५,००० पडले असतील, तर दुरुस्ती नव्या सभेच्या पहिल्या विषयाखाली लिहायची, जुन्या पानावर हात लावायचा नाही. निर्णयच बदलायचा असेल तर तो वेगळा विषय, वेगळा ठराव. आणि फी असेल तर पुन्हा कार्यकारी समितीपुढे.